पहिल्या गुंतवणूकदाराला लिहिण्याआधी: उत्तराची तयारी, यादी आणि मग संदेश

मी काही वर्षांपासून नव्या कंपन्यांमध्ये लहान रकमा घालतो. त्यामुळे पहिल्यांदाच कंपनी काढणाऱ्यांचे मेल माझ्याकडे सतत येतात. त्यातल्या बऱ्याच मेलांची भाषा ठीक असते, धंदाही बरा असतो. गाडी अडते ती मी उत्तर दिल्यावर. ‘डेक आणि कॅप टेबल पाठवा’, म्हणजे धंद्याचं छोटं सादरीकरण आणि कुणाकडे किती शेअर आहेत त्याचा तक्ता पाठवा, असं लिहिलं की समोरून चार-पाच दिवस काहीच येत नाही आणि मग घाईत जोडलेलं काहीतरी येतं. तोवर मी दुसऱ्या कुणाशी बोलत असतो.

चूक क्रमाची आहे. लोक आधी संदेश लिहितात, मग तो कुणाला पाठवायचा ते शोधतात आणि उत्तर आलं की कागद गोळा करायला धावतात. हा क्रम उलटा करा. आधी उत्तराची तयारी, मग माणसांची यादी आणि शेवटी संदेश.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा, सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या दोघांनी दूध संकलन केंद्रांवरच्या बल्क कूलरसाठी एक यंत्र केलंय. रात्री वीज गेली आणि दूध तापू लागलं की ते ऑपरेटरला फोन लावतं. 11 केंद्रांवर यंत्रं बसली आहेत आणि त्यातली 9 केंद्रं महिन्याला 1,500 रुपये देतात.

## 1. आधी घर आवरा

पहिला प्रश्न कंपनीच्या प्रकाराचा. भागीदारी किंवा एलएलपी असेल तर गुंतवणूकदाराला द्यायला तुमच्याकडे शेअरच नसतात. प्रायव्हेट लिमिटेड लागते. रूपांतर करता येतं, पण त्यात वेळ जातो. कुणी ‘हो’ म्हटल्यावर ते काम काढलं तर तो ‘हो’ थंड पडतो.

दुसरी गोष्ट कॅप टेबल. इथे दोन जुन्या जखमा हमखास निघतात. एक म्हणजे सुरुवातीला सोबत असलेला आणि सहा महिन्यांत नोकरीला परत गेलेला मित्र, ज्याच्या नावावर अजून 20 टक्के आहेत. दुसरी म्हणजे ‘मार्गदर्शन करतो’ म्हणून 5 टक्के तोंडी कबूल केलेले काका. गुंतवणूकदार आत येण्याआधी हे मिटवा. मित्राशी बसून बोला आणि त्याचे किती शेअर राहणार, बाकीचे कोण व कशा भावाने घेणार ते लिहून सह्या करा. पैसे येणार हे कळल्यावर तीच बोलणी फार कठीण होतात, कारण आता त्या शेअरला भाव आलेला असतो.

संस्थापकांमध्येही करार हवा. दोघांचे शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के होतील आणि पहिल्या वर्षात कुणी गेला तर त्याला काही मिळणार नाही, अशी अट सर्रास असते. ती तुम्ही आधीच घातलेली दिसली तर गुंतवणूकदाराची एक मोठी काळजी न विचारताच मिटते.

तपासा: यंत्राचं सॉफ्टवेअर आणि डिझाइन कंपनीच्या नावावर आहे का? ते बाहेरच्या फ्रीलान्सरकडून किंवा संस्थापकाने नोकरीत असताना केलं असेल, तर हक्क कंपनीला दिल्याचा लेखी कागद हवा.

## 2. रक्कम कामावरून काढा

‘50 लाख ते 2 कोटी’ असं लिहिलेलं पाहिलं की मी समजतो, हिशोब झालेला नाही. रक्कम पुढच्या टप्प्यावरून निघते. आपल्या दोघांना 18 महिन्यांत 150 केंद्रांवर पोहोचायचंय. चार माणसांचे पगार, प्रवास, सिमकार्डं आणि सर्व्हर मिळून महिन्याला 3 लाख, म्हणजे 54 लाख. एका यंत्राला 4,000 रुपये लागतात, तेव्हा दीडशे यंत्रांचे 6 लाख. एकूण 60 लाख. ही तीन वाक्यं तोंडपाठ असली की कुठल्याही बैठकीत अडखळायला होत नाही.

आता या पैशांनी काय उभं राहील? 150 केंद्रं गुणिले 1,500 म्हणजे महिन्याला 2 लाख 25 हजार. खर्च 3 लाख. म्हणजे 18 महिन्यांनंतरही कंपनी स्वतःच्या पायावर उभी नसेल, आणखी पैसे लागतील. हे लपवू नका. ‘त्या टप्प्यावर एखादा मोठा दूध संघ आपली सगळी केंद्रं देईल का, हे आम्हाला कळलेलं असेल आणि पुढची उभारणी त्या उत्तरावर अवलंबून असेल’ असं सरळ सांगा. गुणाकार समोरचाही करतोच.

मूल्यांकनाचा हिशोबही मनात पक्का हवा. पैसे येण्याआधी कंपनीचं मूल्य 5 कोटी 40 लाख धरलं, तर 60 लाख आल्यावर ते 6 कोटी होतं आणि नव्या लोकांकडे 10 टक्के जातात. ‘आधीचं’ आणि ‘नंतरचं’ मूल्य यांत गल्लत फार होते. 6 कोटी हे आधीचं मूल्य धरलं तर तेच 60 लाख साधारण 9.1 टक्के होतात. कुठला आकडा बोलताय ते दर वेळी स्पष्ट सांगा.

सावधान: कन्व्हर्टिबल नोट, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज, सोपी, असा सल्ला परदेशातल्या अनुभवावरून बरेच जण देतात. आपल्याकडे ती मान्यताप्राप्त स्टार्टअपलाच काढता येते आणि एका गुंतवणूकदाराला एकाच हप्त्यात किमान 25 लाख घालावे लागतात. पाच-दहा लाख घालणाऱ्यांकडून 60 लाख जमवायचे असतील तर हा रस्ता बंद आहे. तिथे साधे शेअर किंवा सीसीपीएस, म्हणजे पुढे सक्तीने साध्या शेअरमध्ये बदलणारे प्राधान्य शेअर, हाच व्यवहार्य मार्ग.

## 3. उत्तराचा फोल्डर

संदेश पाठवण्याआधी एक फोल्डर पूर्ण भरलेला हवा: दहा-बारा पानांची डेक, कॅप टेबल, 18 महिन्यांचा खर्चाचा तक्ता, ग्राहकांची यादी (कधी सुरू झाले, किती देतात, कोण सोडून गेलं), कंपनीच्या नोंदणीचे कागद आणि झाले असतील तितके वार्षिक हिशेब. फोल्डरचे दोन भाग करा. डेक आणि खर्चाचा तक्ता पहिल्याच उत्तराला जातो. ग्राहकांची नावं आणि करार दुसऱ्या बोलण्यानंतर.

डेकमधलं एखादं पान तरी जवळून पाहिलेल्या गोष्टीचं असावं. आपल्या उदाहरणात ते एका रात्रीच्या तापमानाच्या आलेखाचं असेल. संध्याकाळचं दूध 4 अंशांवर बसलेलं, 1 वाजून 50 मिनिटांनी वीज जाते, रेषा हळूहळू चढू लागते, 2 वाजून 35 मिनिटांनी ऑपरेटरला फोन जातो, 3 वाजता जनरेटर सुरू होतो आणि रेषा पुन्हा खाली येते. त्याच्याखाली एक ओळ: कूलरमध्ये 2,000 लिटर दूध होतं, 35 रुपयांनी 70,000 रुपयांचं. केंद्र आम्हाला वर्षाला 18,000 देतं. बाजारपेठेच्या आकाराची गोल चित्रं काढण्यात जातो त्याच्या निम्मा वेळ या एका पानाला द्या. वाचणाऱ्याच्या लक्षात तेच राहतं.

## 4. माणसं शोधणं

बहुतेक जण इथे आळस करतात. ‘टॉप 100 एंजल’, म्हणजे नव्या कंपन्यांत स्वतःचे पैसे घालणाऱ्यांची, अशी यादी उतरवून सगळ्यांना तोच मजकूर पाठवतात. त्या याद्यांवरच्या लोकांना असे मेल सर्वांत जास्त येतात आणि त्यातल्या कित्येकांचा तुमच्या विषयाशी संबंधही नसतो.

मला सर्वांत उपयोगी वाटलेली पद्धत थोडी मेहनतीची आहे. तुमच्याशी स्पर्धा नसलेल्या, पण तुमच्याच जगातल्या पाच-सहा कंपन्या निवडा. आपल्या उदाहरणात शेतमालाच्या शीतगृहांची देखरेख करणाऱ्या, पशुखाद्य विकणाऱ्या किंवा कारखान्यांसाठी सेन्सर करणाऱ्या लहान कंपन्या. मग www.mca.gov.in वर जाऊन View Public Documents मध्ये त्या कंपनीचे कागद उघडा. कंपनीमागे 100 रुपये शुल्क आहे. शेअर वाटपानंतर कंपनीला PAS-3 हा फॉर्म भरावा लागतो आणि त्याला जोडलेल्या यादीत शेअर कुणाला, किती आणि कुठल्या भावाने दिले ते असतं. म्हणजे अशा धंद्यात खरोखर पैसे घातलेल्या लोकांची नावं आणि त्यांनी घातलेली रक्कम तुमच्यासमोर येते. बातमीत फक्त ‘काही एंजल गुंतवणूकदार’ असतं, इथे माणूस दिसतो. मात्र त्या यादीत पत्ता दिसला म्हणून थेट घरी पत्र पाठवू नका. नाव घ्या, ओळख दुसऱ्या वाटेने काढा.

दुसरा गट त्या व्यवसायात आयुष्य घालवलेल्यांचा: कूलर बनवणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेले अभियंते, दूध संघात खरेदी पाहिलेले अधिकारी, पशुखाद्याचे मोठे वितरक. यांतले बरेच जण स्वतःला एंजल म्हणवत नाहीत, पण 5 लाख घालायची त्यांची ऐपत असते आणि यंत्र चालेल की नाही हे त्यांना पटकन कळतं. मुंबई एंजल्स किंवा इंडियन एंजल नेटवर्कसारख्या गटांकडे अर्ज करता येतो, पण तिथे छाननीचे टप्पे असतात. म्हणून अर्ज करून ठेवा आणि व्यक्तींचं काम थांबवू नका.

नावं मिळाली की तक्ता करा. नाव, साधारण किती रक्कम घालतात, शेवटची गुंतवणूक कधी, आपल्याशी धागा काय, ओळख कोण करून देऊ शकेल. चाळीसेक नावं पुरतात.

तपासा: ज्या नावापुढे ‘धागा’ हा रकाना रिकामा आहे, ते सध्या बाजूला ठेवा. आपल्या प्रतिस्पर्धी कंपनीत पैसे घातलेल्याला तर लिहूच नका. तुमची डेक उद्या तिकडे असेल.

सावधान: ‘गुंतवणूकदारांना भेटवून देतो, आधी नोंदणीचे 50,000 भरा’ असं म्हणणाऱ्याला नाही म्हणा. आणखी एक, जे फार थोड्यांना ठाऊक असतं: कंपनी कायद्याच्या कलम 42 नुसार खासगी वाटपाची जाहिरात सर्वसामान्यांसाठी करता येत नाही. ‘आम्ही 60 लाख उभारतोय, शेअर घ्यायचे असतील तर कळवा’ अशी पोस्ट लिंक्डइनवर किंवा गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. निवडक माणसांना, व्यक्तिशः लिहा.

## 5. ओळख करून देणाऱ्याचं काम हलकं करा

ओळखीतून गेलेला संदेश उघडला जातो. सर्वांत वजनदार ओळख असते त्या गुंतवणूकदाराने आधी पैसे घातलेल्या कंपनीच्या संस्थापकाची. तुमचा समाधानी ग्राहक असेल तर तोही चालतो. ज्याने स्वतः पैसे घालायला नकार दिला, त्याच्याकडून मात्र ओळख मागू नका. ‘तुम्ही का नाही घातले?’ हा समोरच्याचा पहिला प्रश्न असतो.

‘दादा, त्यांना जरा सांगा ना आमच्याबद्दल’ असं म्हटलं की दादांना स्वतः मजकूर लिहावा लागतो आणि ते राहून जातं. त्याऐवजी जसाच्या तसा पुढे ढकलता येईल असा मेल त्यांना पाठवा. तो पुढच्या पायरीतल्या संदेशासारखाच असतो. वर फक्त ‘तुम्हाला योग्य वाटलं तर हा मेल त्यांना पुढे पाठवाल का? त्यांनी हो म्हटलं तरच आमची गाठ घालून द्या’ एवढं लिहा.

## 6. पहिला संदेश

फोनच्या पडद्यावर एकदाच अंगठा सरकवून संपेल इतका लांब. ज्या भाषेत त्यांच्याशी बोलाल त्याच भाषेत लिहा. आपल्या दोघांचा संदेश असा:

> विषय: दूध कूलरसाठी तापमानाचा इशारा, 9 केंद्रं पैसे देतात, 60 लाखांची उभारणी
>
> नमस्कार सर,
>
> आपण डेअरी यंत्रसामग्रीत अनेक वर्षं काम केलंय आणि शीतगृहांच्या देखरेखीच्या कंपनीत गुंतवणूकही केली आहे, म्हणून आपल्याला लिहितोय.
>
> रात्री वीज गेली की संकलन केंद्रावरचं दूध तापतं आणि सकाळी टँकर येईपर्यंत कुणाला कळत नाही. आमचं यंत्र वेळेत ऑपरेटरला फोन लावतं. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या 11 केंद्रांवर ते बसलंय. 9 केंद्रं महिन्याला 1,500 रुपये देतात, सर्वांत जुनं आठ महिन्यांपासून.
>
> मी सात वर्षं कूलर दुरुस्त केले आहेत. माझा सहसंस्थापक यंत्राचं इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअर पाहतो.
>
> 18 महिन्यांत 150 केंद्रांवर जाण्यासाठी 60 लाख उभारतोय. दहा पानांची डेक तयार आहे, म्हणाल तेव्हा पाठवतो. येत्या बुधवारी किंवा गुरुवारी वीस मिनिटं बोलता येईल का?

पहिलं वाक्य त्यांच्याबद्दल आहे आणि ते दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही. ‘तुमचा प्रवास प्रेरणादायी आहे’ हे वाक्य कुणालाही चालतं, म्हणून त्याला वजन नसतं. 11 आणि 9 हे दोन्ही आकडे दिलेत, हेही पाहा. फक्त 11 लिहिले असते आणि पहिल्या फोनवर कळलं असतं की दोन फुकट आहेत, तर पुढच्या प्रत्येक आकड्यावर शंका आली असती. शेवटी मागणं एकच आहे: वीस मिनिटं. ‘सल्ला, ओळखी किंवा गुंतवणूक, काहीही चालेल’ असं लिहिलं की यातलं काहीच मिळत नाही. गुप्ततेच्या करारावर सही मागू नका. या टप्प्यावर कुणी करत नाही.

## 7. पाठवण्याचा क्रम

चाळीस जणांना एकाच दिवशी पाठवू नका. पहिल्या तुकडीत सहा-सात नावं घ्या, तीही यादीच्या मधली. सर्वांत हवी असलेली पाच माणसं दुसऱ्या तुकडीसाठी राखा. पहिल्या तुकडीतून एकही उत्तर आलं नाही तर विषयाची ओळ आणि पहिला परिच्छेद बदला. उत्तरं आली पण फोननंतर शांतता, तर दोष संदेशात नाही. हिशोबात किंवा सांगण्यात आहे.

आठवड्याने एक आठवण पाठवा, तीही नवी माहिती घेऊन: ‘या आठवड्यात दहावं केंद्र पैसे देऊ लागलं.’ आणखी दोन आठवड्यांनी शेवटची. मग थांबा. रात्री व्हॉट्सॲपवर ‘सर, पाहिलंत का?’ हे करू नका.

## 8. उत्तर आल्यावर

‘डेक पाठवा’ आलं तर त्याच दिवशी पाठवा, फोल्डर तयार आहेच. ‘अजून लवकर होतंय’ हे बहुतेक वेळा सभ्य नकार असतो, तरी एक प्रश्न विचारून घ्या: ‘काय दिसलं म्हणजे तुम्ही पुन्हा बोलाल?’ नेमका आकडा मिळाला तर तक्त्यात लिहा आणि गाठल्यावर कळवा. मोघम उत्तर आलं तर पुढे जा.

फोनच्या तयारीसाठी स्वतःलाच अडवणारे प्रश्न लिहून काढा. डेअरी जाणणारा माणूस विचारणारच: ‘संध्याकाळचं कोमट दूध ओतलं की कूलरचं तापमान चढतंच. तेव्हाही तुमचं यंत्र फोन लावतं का?’ याचं उत्तर ‘नाही, आमचं तंत्रज्ञान हुशार आहे’ असं देऊ नका. सांगा की पहिल्या महिन्यात खोटे इशारे जात होते आणि ऑपरेटर वैतागला होता. आता दूध ओतल्यानंतर तापमान खाली येतंय की नाही हे यंत्र पाहतं, आणि येत नसेल तरच फोन करतं. दुसरा प्रश्न त्या दोन केंद्रांचा, जी पैसे देत नाहीत. एका ठिकाणी मोबाइलची रेंज धड नाही, दुसऱ्याकडे रात्रपाळीला माणूसच नसतो, त्यामुळे फोन उचलायला कुणी नाही. अशा उत्तरातून गुंतवणूकदाराला कळतं की कुठली केंद्रं तुमची गिऱ्हाइकं नाहीत हे तुम्हाला उमगलंय.

बोलणं झालं की त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल करा: काय ठरलं, कुठले कागद पाठवतोय, पुढचं बोलणं कधी.

तपासा: तुम्हीही विचारायचं आहे. आधी ज्यांच्यात पैसे घातले त्यांतल्या दोघांशी बोलू द्याल का? निर्णय तुमचा एकट्याचा की आणखी कुणाचा? साधारण किती रक्कम घालता?

## 9. ‘हो’ आणि पैसे यांच्यामध्ये

तोंडी ‘हो’ आला की रक्कम, मूल्यांकन (आधीचं की नंतरचं) आणि शेअरचा प्रकार लिहिलेला एक पानाचा मसुदा पाठवा. मग कंपनी सेक्रेटरीला गाठा, कारण इथे क्रम चुकला तर दंड आहे. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो. 2024 च्या अर्थसंकल्पात एंजल टॅक्स, म्हणजे वाजवी भावापेक्षा जास्त घेतलेल्या शेअरच्या पैशांवरचा कर, रद्द झाला म्हणून हा अहवाल नको, असं ऐकलं असेल तर ते चूक आहे. कंपनी कायद्याची अट तशीच आहे. भागधारकांचा विशेष ठराव करून तो कंपनी रजिस्ट्रारकडे दाखल करायचा, मग PAS-4 हे प्रस्तावपत्र त्या-त्या व्यक्तीच्या नावाने द्यायचं आणि त्यानंतरच पैसे घ्यायचे. पैसे वेगळ्या बँक खात्यात, बँकेमार्फत आणि ज्याच्या नावाने शेअर त्याच्याच खात्यातून यायला हवेत. बायकोच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या खात्यातून आले तर परत करून पुन्हा मागवा. पैसे आल्यापासून 60 दिवसांत वाटप, नाहीतर पुढच्या 15 दिवसांत परतफेड, आणि तीही चुकली तर 12 टक्के व्याज. वाटपानंतर 15 दिवसांत PAS-3.

पैसे अमेरिकेतल्या भाच्याकडून किंवा दुबईतल्या मित्राकडून येणार असतील तर बँकेला आणि सीएंना आधीच सांगा. ती रक्कम पुढे परदेशी परत नेता येण्याच्या अटीवर आली, तर वाटपापासून 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे FC-GPR हा फॉर्म भरावा लागतो.

सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक: उत्साही गुंतवणूकदार शनिवारी रात्री फोनवरूनच कंपनीच्या रोजच्या खात्यात 5 लाख टाकतो आणि सोमवारी त्यातून पगार होतात. ठराव नाही, प्रस्तावपत्र नाही, आणि PAS-3 दाखल होईपर्यंत ते पैसे वापरायलाच मनाई आहे. म्हणून ‘हो’ ऐकल्यावर पहिला निरोप हाच द्या: ‘पैसे कृपया आत्ता पाठवू नका. कागद आणि खाते क्रमांक आम्ही पाठवू, त्यानंतरच.’